चार अर्धे

श्रीपादरावांना ते पत्र आठवायचं ते नेमकं तोंडात घास असताना. गेल्या गणपतीनंतर देवासहून आलेलं, निळ्या शाईतलं, खाली ‘सुमंगला इंगळे’ अशी ठसठशीत सही असलेलं. देवासातली मराठी मंडळी त्यांना अक्का म्हणत, आणि अक्कांशी वाद घालायची वेळ आली की टेकडीवरच्या देवीला आधी नारळ कबूल करत. पत्रात मजकूर थोडाच होता.

‘श्रीपादराव, आपल्या परीक्षेत धारची इतकी मुलं दरवर्षी पहिल्या श्रेणीत येतात ती कशी? आमची मुलं काही ढ नाहीत. धारच्या पाण्यात काय घालता ते कळवावे. मुद्दाम फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही विषय गव्हाच्या भावावर नेता.’

श्रीपादरावांनी उत्तर लिहायला घेतलं नव्हतं असं नाही. पुष्कळदा घेतलं. पण आयुष्यभर शाळेत गणित शिकवूनही स्वतःच्या बेरजेवर तिसऱ्यांदा बोट फिरवल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, अशा माणसाला पत्राचा मायना लिहितानाच शंका येतात. ‘आदरणीय’ म्हणावं तर अक्कांना खोचक वाटेल, ‘प्रिय’ म्हणावं तर अख्ख्या देवासला भलतंच वाटेल. मायन्याशी अडलेलं पत्र पुस्तकात खूण म्हणून जायचं आणि पुस्तक संपलं की केरात. शिवाय खरं कारण वेगळंच होतं. धारच्या पाण्यात काय घालतात ते श्रीपादरावांना पक्कं ठाऊक होतं.

परीक्षा होती मराठीची. इकडे माळव्यातली मुलं हिंदीत शिकतात, हिंदीत भांडतात, घरी ‘आजी, पानी देना ना’ म्हणतात. निदान वर्षातून एकदा त्यांनी मराठीचं पुस्तक उघडावं म्हणून धार आणि देवास अशा दोन केंद्रांवर मंडळी ही परीक्षा घेत. लेखी साठ गुणांची, वाचन वीस, संभाषण दहा, पाठांतर दहा. साठ मिळाले की पहिली श्रेणी. ज्या केंद्राची पहिल्या श्रेणीत जास्त मुलं, त्याला पितळेची ढाल. ती ढाल धारहून हललेलीच नव्हती.

धारला दोन परीक्षक असत. दोघांनी दिलेल्या गुणांची सरासरी काढायची, ते काम श्रीपादरावांचं. एकानं चौतीस दिले, दुसऱ्यानं पस्तीस, की साडेचौतीस. नियमपुस्तिकेत लिहिलं होतं, ‘अर्धा किंवा जास्त अपूर्णांक पूर्ण धरावा, कमी असल्यास सोडावा.’ कुठे धरावा, ते लिहायला मंडळी विसरली होती. देवासला अपूर्णांक तसेच ठेवून चारी विषयांची बेरीज करत आणि शेवटी एकदाच काय ते वर-खाली करत. धारला मात्र केंद्र सुरू करणाऱ्या तात्यांनी पहिल्याच वर्षी फर्मावलं होतं, “अर्धा म्हणजे पाहुणा. त्याला दारात उभं ठेवायचं नाही, आत घ्यायचं!” तेव्हापासून लेखीच्या दारातला अर्धा आत, वाचनाच्या दारातला अर्धा आत, संभाषणाचा आत, पाठांतराचा आत. मग बेरीज.

दोघांच्या सरासरीत अपूर्णांक निघाला तर तो अर्धाच निघतो, आणि अर्धा नेहमी वरच चढतो. धारच्या पोरांना उतार असा नव्हताच, नुसता चढ. श्रीपादरावांना हे पहिल्या वर्षीच दिसलं होतं. पण तात्यांना सांगायचं कोणी? आणि आपलंच चुकत असलं तर?

या वर्षीचा निकाल तयार झाला त्या दुपारी त्यांची देवासची नात चिऊ हिचा फोन आला. चिऊ आठवीत. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरूनही शेजाऱ्यांना कळावं.

“आजोबा! माझी पहिली श्रेणी गेली! एक नंबरने! एकूणसाठ!”

“एकोणसाठ,” श्रीपादराव सवयीने म्हणाले आणि लगेच जीभ चावली.

“तेच! आता मी गर्दीत उभी राहणार. तोंडावर बोट ठेवून!”

हे दुःख साधं नव्हतं. गणपतीत देवासला दोन्ही गावांच्या मुलांचं नाटक असे, अक्कांनी लिहिलेलं, अक्कांनी बसवलेलं. त्यात बोलायचं काम फक्त पहिल्या श्रेणीवाल्यांना. बाकीचे गर्दीत. यंदाच्या नाटकात एक खाष्ट आत्याबाई होती, जी पहिल्या अंकात साऱ्या गावाला वेठीस धरते आणि तिसऱ्या अंकात चोराला पोळपाटाने बडवते. चिऊने आत्याबाई परीक्षेच्या आधीच पाठ केली होती. तिच्या आईनं, मेधानं, तर घरातला पोळपाट लपवून ठेवला होता.

“यंदा अक्कांनी गुण मोजायची पद्धत बदलली म्हणे,” चिऊ म्हणाली. “धीरजकाकांनी सांगितली, धारवाली.”

श्रीपादरावांनी फोन कानाला लावला. “कोणती?”

“दर विषयाला आधी गोल करायचं. अक्का म्हणाल्या, श्रीपादराव उत्तर देत नाहीत तर आपण काय हातावर हात धरून बसायचं? यंदा ढाल आपली!”

धीरज काल-परवापर्यंत धारचा परीक्षक होता. बँकेने बदली करून देवासला टाकला आणि गडी पहिल्याच पोहे-जलेबीला फुटला, हे उघड होतं.

“तुझे गुण सांग बरं. तिघांचेही.”

देवासला परीक्षक तीन असत. अक्कांचा दोन माणसांवर विश्वास नव्हता. दोघं संगनमत करतात, तिसरा चहाडी करतो, असं त्यांचं मत होतं. चिऊने आकडे सांगितले. लेखीत पस्तीस, पस्तीस, छत्तीस. वाचनात बारा, बारा, तेरा. संभाषणात सहा, सहा, सात. पाठांतरात पाच, सहा, सहा.

श्रीपादरावांनी पाठकोऱ्या कागदावर मांडले. लेखी पस्तीस आणि एक तृतीयांश. वाचन बारा आणि एक तृतीयांश. संभाषण सहा आणि एक तृतीयांश. पाठांतर पाच आणि दोन तृतीयांश. तसेच मिळवले तर एकोणसाठ आणि दोन तृतीयांश, म्हणजे साठ. पहिली श्रेणी. पण धारच्या रीतीने आधी दर विषयाला पूर्ण केलं, तर तीन ठिकाणचे तृतीयांश अर्ध्याहून कमी म्हणून गळून पडत होते आणि एकाच ठिकाणचे दोन तृतीयांश वर चढत होते. पस्तीस, बारा, सहा, सहा. एकोणसाठ.

त्यांनी तिसऱ्यांदा बोट फिरवलं. एकोणसाठच.

अक्कांनी धारचं खत चोरलं होतं, पण ते कोणत्या पिकाला चालतं ते विचारलं नव्हतं. म्हणजे विचारलं होतं. पत्र लिहून विचारलं होतं. तिघांच्या सरासरीत अर्धा कधी येतच नाही. येतो तो एक तृतीयांश, जो गळतो, नाहीतर दोन तृतीयांश, जो चढतो. जेवढा चढ तेवढाच उतार. देवासची काही मुलं वर गेली असतील, तेवढीच खाली आली असतील, ढाल होती तिथेच. आणि उतारावर त्यांची चिऊ उभी होती.

“चिऊ, पोळपाट बाहेर काढ,” असं म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते म्हणाले, “बघतो. म्हणजे, बघायला पाहिजे.”

ते अजून कागदाकडे बघत होते तेवढ्यात धारचा नातू विहंग आत आला. चिऊचा मामेभाऊ, तिच्याच वयाचा. चेहरा असा की जणू कोणी त्याला तिरला गावापर्यंत उन्हात पायी चालवून आणलं आहे.

“आजोबा, मला पहिली श्रेणी मिळाली.”

“अभिनंदन.”

“अभिनंदन काय! अक्कांनी मला वैद्यबुवा दिला. शेंडी लावायची आहे आजोबा! आणि ‘हरीतकी’ म्हणायचं आहे. क्लासमधले भिया लोक, माझे दोस्त, पहिल्या रांगेत बसणार. मला नापास करा ना.”

“असं करता येत नाही.”

“आजोबा, प्लीज. तुमचा तो कागद द्या, मीच करतो.”

श्रीपादरावांनी त्याचे गुण मांडले. साडेचौतीस, साडेअकरा, साडेसहा, साडेपाच. चार दारांत चार पाहुणे. तसेच मिळवले तर नेमके अठ्ठावन्न. धारच्या रीतीने पस्तीस, बारा, सात, सहा, म्हणजे साठ.

विहंग खांद्यावरून बघत होता. “म्हणजे मी अठ्ठावन्न आणि चिऊ जवळजवळ साठ? आणि शेंडी मला?”

“हो.”

“यह तो हद है, आजोबा,” विहंग मनापासून म्हणाला. “अक्कांना कळवा! आत्ताच्या आत्ता!”

कळवायचं तर पत्रानेच. मंडळींचा एक जुना नियम होता. फार पूर्वी निकालाच्या बैठकीत दोन्ही गावांचे लोक आपापली तक्रार हातात घेऊन आले होते आणि बैठक कुस्तीच्या अंगाने गेली होती. तेव्हापासून ठरलं, तक्रार टपालाने यावी, शिक्का असेल तरच वाचावी. माणूस पोस्टापर्यंत चालत जाईतो त्याचा राग निम्मा होतो, असा त्यामागचा विचार. निकाल रविवारच्या बैठकीत कायम व्हायचा होता. एकदा कायम झाला की मग ब्रह्मदेवाचंही पत्र चाललं नसतं.

श्रीपादरावांनी लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता त्यांच्या भिडस्त डोक्यात एक लबाड विचार आला. नुसतं इतकंच लिहावं की ‘अक्का, आपली जुनी पद्धतच आपल्याला बरी. तीन परीक्षकांना तीच शोभते.’ चिऊचे साठ होतील. धारचं नावच काढायला नको. ढाल तात्यांकडे, तात्या खुश, विहंग शेंडीत. खोटं एक अक्षर नाही. मायनासुद्धा या वेळी झटकन सुचला, यावरूनच त्यांना संशय यायला हवा होता.

“वाचा ना,” विहंग म्हणाला. त्याला मराठी हस्ताक्षर वाचायला वेळ लागे. श्रीपादरावांनी वाचून दाखवलं.

“आणि माझे अठ्ठावन्न कुठे आहेत?”

“ते... धारचा प्रश्न वेगळा आहे.”

“वेगळा कसा? गुण गुण आहेत ना?” विहंग कमरेवर हात ठेवून म्हणाला. “आजोबा, तुम्ही चिऊला वाचवलं आणि मला फसवलं. मी सांगेन तिला. ती मग इथे येईल. पोळपाट घेऊन.”

श्रीपादरावांनी तो कागद पुस्तकात खूण म्हणून घातला. मग चपला घातल्या. धारचं काही लिहायचं तर तात्यांना विचारल्याशिवाय लिहिता येणार नव्हतं.

तात्या नव्वदीला टेकलेले. ढाल त्यांच्या बैठकीत खुंटीवर असे आणि तात्या दाढी करताना तिच्यात बघत. श्रीपादराव पोचले तेव्हा ते दाल-बाफल्यांच्या, म्हणजे वरण आणि तुपात बुडवलेल्या कणकेच्या भाजक्या गोळ्यांच्या, ताटावर बसले होते. समोर त्यांची सून रुची, हातात तुपाची वाटी, नजर पहारेकऱ्याची.

“ये श्रीपाद. बाफले खा. मला दोनचीच परवानगी आहे. डॉक्टर गाढव आहे.”

श्रीपादराव बसले. मुद्दा काढायला त्यांनी गव्हाच्या भावापासून सुरुवात केली. मग हळूच म्हणाले, “तात्या, ते अर्ध्या गुणाचं. विषयाविषयाला आत घेण्याऐवजी, शेवटी बेरीज झाल्यावर एकदाच घेतला तर...”

“दारात उभा ठेवायचा?” तात्यांचा घास हवेत थांबला. “पाहुण्याला? अरे, ही धार आहे!”

“पण देवासला...”

“देवासला माणसं पोहे विचारतात, देत नाहीत. अर्धा पूर्णच. विषय संपला.”

वादात श्रीपादराव नेहमी इथपर्यंतच पोचत. त्यांनी ताटाकडे बघितलं. रुची बाफला मोडून अर्धा वाढत होती, म्हणजे तात्यांना ताट भरल्यासारखं वाटे. एक अर्धा झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. चौथा अर्धा तुपात बुडून तात्यांच्या पोटात गेला आणि श्रीपादरावांच्या अंगात, साऱ्या आयुष्यात कधी न शिरलेलं, काहीतरी शिरलं. ते रुचीकडे झुकून कुजबुजले. रुचीनं त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं, मग पदराआड हसली आणि ताट उचलू लागली.

“अगं, अगं! अजून वाढायचंय!”

“चार झाले की, तात्या,” रुची म्हणाली. “परवानगी दोनची. तुम्ही दुप्पट खाल्ले. डॉक्टरांना फोन करू?”

“चार? चार कुठे? अर्धे होते ते!”

“अर्धा पूर्णच धरायचा ना? आत्ताच तर म्हणालात. एकेक आला, एकेक पूर्ण धरला. चार.”

“अगं ए शहाणे! आधी अर्धे अर्धे मिळव! अर्धा नि अर्धा एक, अर्धा नि अर्धा दोन! चार अर्धे म्हणजे दोन बाफले! हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. प्रत्येकाला पूर्ण धरून कोणी बेरीज करतं होय?”

श्रीपादराव ढालीकडे बघत होते, कारण तात्यांकडे बघायची हिंमत नव्हती. ढालीत तात्यांचा चेहरा दिसत होता. तो आधी लाल झाला, मग विचारात पडला, मग त्याच्या मिशीचं टोक हललं.

“श्रीपाद.”

“हो तात्या.”

“हे तू तिच्या कानात सांगितलंस.”

“हो तात्या.”

“हलकट आहेस.” तात्यांनी बोट चाटलं. “मला वाटायचं नुसता घाबरट आहेस. किती पोरं उतरतील?”

“नऊ. त्यात आमचा विहंग आहे.”

“आणि ढाल?”

“जाईल बहुतेक.”

तात्यांनी ढालीकडे बघत हनुवटी खाजवली. “दाढीला आरसा आणावा लागेल,” ते म्हणाले. “बरं, लिही. पण पाहुणा घालवायचा नाही हं. शेवटच्या दारात तरी अर्ध्याला आत घ्यायचं.”

“ते दोन्हीकडे घेतातच.”

“आणि एक लिही. आमची नक्कल केलीत, तीही विचारून नाही केलीत, म्हणून तोंडावर पडलात. हे ठळक लिही. ढाल गेली तरी तेवढं समाधान मला हवं.”

“पण तात्या, त्यांनी विचारलं होतं.”

“कधी?”

“गेल्या वर्षी. पत्राने. मी उत्तर दिलं नाही.”

तात्या हसले ते ठसका लागेपर्यंत. रुचीनं पाणी दिलं आणि पाचवा अर्धा वाढला. तात्यांनी तो कौतुकाने न्याहाळला. “आता हे अडीच,” ते म्हणाले, “आणि शेवटी एकदाच पूर्ण धरायचं म्हटलं तर तीन. म्हणजे अजून एक अर्धा माझा हक्काचा आहे. तुझी पद्धत वाईट नाही रे.”

घरी येऊन श्रीपादरावांनी सबंध पत्र लिहिलं. चिऊचे तिन्ही परीक्षकांचे गुण, विहंगचे दोन्ही परीक्षकांचे गुण, एकमेकांशेजारी. दोघांची धारच्या रीतीने बेरीज, दोघांची देवासच्या जुन्या रीतीने. दोन परीक्षक असले की अपूर्णांक निघतो तो अर्धाच आणि चढतोच, तीन असले की चढतो तसाच गळतोही, हे चार ओळींत. मग धारची ती नऊ नावं, स्वतःच्या नातवाच्या नावापासून सुरू करून. शेवटी सूचना, की दोन्हीकडे अपूर्णांक बेरजेपर्यंत तसेच ठेवावेत, पूर्ण करायचं ते शेवटी एकदाच, आणि नियमपुस्तिकेत ‘एकूण बेरजेत’ हे शब्द घालावेत. तात्यांचा निरोपही घातला, जरा सौम्य करून. मग वाटलं की हे तात्यांशी बेइमानी होईल, म्हणून होता तसा ठळक केला.

मायन्याशी मात्र पुन्हा अडलं. विहंग ताटकळला होता.

“‘अक्का’ लिहा ना नुसतं!”

त्यांनी नुसतं ‘अक्का’ लिहिलं. दिसायला बरं दिसलं.

घोडा चौपाटीपासून पोस्टापर्यंत विहंग त्यांच्यापुढे दोन पावलं चालत होता, आजोबा मागे फिरू नयेत म्हणून. पोस्टाच्या दारात श्रीपादराव थांबले, पाकीट परत उघडलं आणि आकड्यांवरून बोट फिरवलं.

“आजोबा! तीनदा झालं!”

“दोनदाच झालं होतं.”

तेवढ्यात चिऊचा फोन आला. विहंगनं घेतला. “हो, पोस्टातच आहोत. नाही, अजून टाकलं नाही. तपासतायत.” मग फोन लांब धरला, कारण पलीकडून आत्याबाईच बोलू लागली होती, पहिल्या अंकातली, सबंध गावाला उद्देशून. पोस्टातल्या रांगेनं वळून बघितलं. कोणीतरी म्हणालं, “वाह, बाई को नाटक में लो!”

श्रीपादरावांनी पेन काढलं आणि ताजा कलम लिहिला. ‘आपण गेल्या वर्षी विचारलं होतं की धारच्या पाण्यात काय घालतो. अर्धे घालत होतो. यंदापासून बंद. गव्हाचा भाव बरा आहे.’

पाकीट चिकटवलं. खिडकीतल्या माणसानं ते वजनाच्या काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, शिक्का मारला आणि मागच्या थैलीत टाकलं. श्रीपादराव काट्याकडे बघत होते. त्यांना विचारावंसं वाटत होतं की वजनातले अपूर्णांक तुम्ही कुठे धरता. पण विहंगनं त्यांचा हात धरून त्यांना बाहेर ओढलं.